सणाच्या सुट्टीची सूचना (कर सल्लागार कार्यालये, सांगली)

सणाच्या दिवसांत कार्यालय कधी बंद राहील, कोणत्या दिवशी अर्धवेळ चालेल आणि मधल्या काळात अडलेले काम कोण करील, हे पक्षकारांना आधी कळवणारा मजकूर म्हणजे सुट्टीची सूचना. सांगलीतील कर सल्लागार ती दारावर लावतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. यातला तिसरा भाग, म्हणजे काम कोण करील, हाच बहुतेक सूचनांत राहून जातो. खरे तर सूचना काढायची ती त्याच्यासाठीच.

दिवाळीत ही अडचण सर्वांत ठळक दिसते. २०२५ साली नरकचतुर्दशी सोमवारी २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला आणि भाऊबीज २३ला आली. दरमहा भरायच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्राची नेहमीची मुदतही २० तारीखच. ती पुढे २५ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण तशी अधिसूचना निघाली १८ ऑक्टोबरला. मुदतवाढीच्या भरवशावर सूचना लिहिता येत नाही, ती नेहमीच्या मुदतीवरच बेतावी लागते. म्हणून जाणते सल्लागार दसऱ्याच्या सुमारासच पहिली सूचना पाठवतात आणि तिच्यात सुट्टीच्या तारखांआधी एकच तारीख देतात : खरेदी-विक्रीची बिले कधीपर्यंत पोचवायची.

विवरणपत्र आधी भरून मोकळे होता येते. माल गाडीने पाठवताना काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाचे तसे नाही, कारण माल वाटेत असतो. समजा, मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचा ट्रक ९५० किलोमीटरवरच्या गावाला निघाला आणि बिल १८ ऑक्टोबरला कार्यालयातूनच काढले, ट्रान्सपोर्टरचा क्रमांक न भरता. साध्या मालवाहतुकीत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे येथे पाच दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो, म्हणून हे बिल २३ ऑक्टोबरच्या रात्री बारा वाजता संपते. वाटेत गाडी बिघडली तर मुदत वाढवता येते, पण बिल संपण्याच्या आधीच्या आठ आणि नंतरच्या आठ तासांतच. म्हणजे भाऊबिजेच्या दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत. कार्यालय २४ला दहा वाजता उघडणार असेल, तर कुलूप काढण्याच्या दोन तास आधीच ती सोय संपलेली असते. त्यानंतर गाडी तपासणीत अडली तर दंडाचे प्रकरण उभे राहते.

अशा वेळी 'तातडीच्या कामासाठी कार्यालयाशी संपर्क साधावा' या ओळीचा काही उपयोग नाही, कारण दिलेला नंबर बंद खोलीतल्या फोनचा असतो. सूचनेत माणसाचे नाव, त्याचा मोबाईल आणि त्याच्याकडे सोपवलेले काम हवे. पुरेसा मजकूर असा होतो :

'सोमवार २० ते गुरुवार २३ ऑक्टोबर (दोन्ही दिवस धरून) कार्यालय बंद. शुक्रवार २४ला सकाळी १० वाजता उघडेल. शनिवार १८ला दुपारी २ पर्यंत चालू. ई-वे बिल व तपासणीत अडलेली गाडी, एवढ्याच कामासाठी : (नाव, मोबाईल), सकाळी ८ ते रात्री ९. फोन न लागल्यास : (दुसरे नाव, मोबाईल). बाकी कामे २४ नंतर.'

'दोन्ही दिवस धरून' हे शब्द जपावेत. '२० ते २३' म्हटल्यावर २३ला सकाळी येऊन परत जाणारा पक्षकार दरवर्षी एखादा तरी असतोच. उघडण्याचा वार आणि वेळ लिहिली की शंका उरत नाही. हा मजकूर कंदील-पणत्यांच्या शुभेच्छाचित्रात घालू नये. त्या दिवसांत अशी चित्रे शेकड्यांनी येतात आणि न उघडता पुढे सरकतात.

नाव दिले म्हणजे माणूस नेमला असे होत नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि १ एप्रिल २०२५पासून ही पायरी सर्वांना लागू आहे. बदली माणसाकडे पासवर्ड असला, पण ओटीपी कोकणात फिरायला गेलेल्या मालकाच्या बंद फोनवर गेला, तर काम तिथेच थांबते. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी बदली माणसाने स्वतःच्या घरून, स्वतःच्या फोनवर एकदा लॉगिन करून पाहावे आणि पक्षकारालाही फोन चालू ठेवायला सांगावे.

गणपतीत गावानुसार सूचना बदलते. सांगली संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते आणि त्या दुपारी गणपती पेठेकडचे रस्ते गर्दीने भरतात, त्यामुळे तिथली कार्यालये अर्धा दिवस ठेवणेच बरे. तासगावचा रथोत्सव ऋषिपंचमीला असतो. तिकडच्या पक्षकारांना त्या दिवशी कागद घेऊन बोलावण्यात अर्थ नाही. मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मिरजेतून येणारा सहायक असेल, तर त्या रात्रीची जबाबदारी सांगलीत राहणाऱ्याकडे द्यावी आणि सूचनेतही त्याचाच नंबर छापावा.