कांदा खाल्ला म्हशीनं, वास दुधाला कसा लागला?

बाजारात कांद्याचा दर पडला की आमच्या निपाणी-चिकोडी भागात न विकलेला कांदा गोठ्यात येतो. यंदा काकींच्या दावणीतही आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या संकलन केंद्रावर त्यांचं पाच लिटर दूध परत केलं. फॅट चांगली होती, लॅक्टोमीटरही बरोबर होता, पण दुधाला कांद्याचा वास होता. काकी म्हणाल्या, "म्हशीला दृष्ट लागली." शेजारच्या आण्णांचं म्हणणं, कॅन कांद्याच्या ढिगाजवळ ठेवला होता म्हणून वास लागला.

उघडं दूध आसपासचा वास थोडाफार धरतं, हे खरं. पण हा वास धारेबरोबरच आला होता. कासेतून निघालेलं कोमट दूध वाटीत घेऊन हुंगलं, तेव्हाच तो कळत होता. मग तो कासेपर्यंत पोचला कसा?

एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. म्हणजे काकींच्या पाच लिटरमागे दोन हजार लिटरांच्या वर. अर्थात तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असतं. कांद्याचा वास गंधकयुक्त संयुगांचा असतो. ही संयुगं उडून जाणारी आहेत आणि स्निग्धांशात सहज विरघळतात. रक्तात ती आली की कासेतल्या पेशींच्या पातळ पडद्यातून दुधात उतरायला त्यांना फारसा अडथळा नसतो.

रक्तात ती येतात दोन वाटांनी. एक सरळ वाट पोटाची: कोठीपोटातून रक्तात. दुसरी वाट मला फार विलक्षण वाटते. रवंथ करणारं जनावर सतत ढेकर देतं, पण आपल्याला तो क्वचितच ऐकू येतो. कारण त्या वायूचा बराचसा भाग तोंडावाटे बाहेर न पडता श्वासनलिकेत शिरतो आणि फुप्फुसात जातो. तिथं रक्त आणि हवा यांच्यामध्ये इतका पातळ पडदा असतो की वास लगेच रक्तात मिसळतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1962 साली गायींच्या श्वासनलिकेत नळी बसवून या दोन वाटा वेगळ्या करून पाहिल्या. वास नुसता फुप्फुसात सोडला, तरी काही मिनिटांत तो दुधात उतरला. म्हणून कांद्याच्या ढिगाशेजारी कोंदट गोठ्यात बांधलेल्या, कांदा न खाल्लेल्या म्हशीच्या दुधालाही वास येऊ शकतो.

ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते, आणि उपाय त्यातच आहे. जनावर श्वासावाटे ही संयुगं बाहेर टाकत राहतं. रक्तातलं प्रमाण उतरलं की कासेत साठलेल्या दुधातला वासही रक्तात परत जाऊ लागतो. म्हणजे काय चारलं याइतकंच केव्हा चारलं हेही महत्त्वाचं. काकी साडेतीनला कांदा टाकत आणि साडेपाचला धार काढत. वास दुधात सगळ्यात जास्त असतो ती नेमकी हीच वेळ. आम्ही कांदा कमी केला, सकाळची धार झाल्यावरच द्यायचा ठरवलं आणि संध्याकाळी धारेआधी नुसता कडबा ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं दूध केंद्रावर घेतलं. कांदा भरपूर असेल तर मात्र कोठीपोटातून तो तासन्‌तास सुटत राहतो, आणि बारा तासही कमी पडतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे वास लोण्यापर्यंत टिकण्याचा धोकाही जास्त.

मुरघासाचंही असंच. त्याचा आंबूस वास धारेआधी एक-दोन तास चारल्यावर जोरात उतरतो, म्हणून तो धारेनंतरच द्यावा आणि उरलेला गोठ्यात पडू देऊ नये. हिरव्या लसूणघासाने दुधाला गवताची छटा येते, पण तिच्यामुळे दूध सहसा परत येत नाही. गायीचं दूध पिवळसर होतं ते हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंच राहतं. पिवळा रंग दाखवून चढ्या भावाने दूध विकणाऱ्यांना हे विचारावं.

वास चाऱ्याचा की दूध बिघडल्याचा, हे ओळखायची खूण सोपी आहे. चाऱ्याचा वास धारेलाच असतो आणि ठेवल्याने वाढत नाही. ताज्या दुधाला वास नाही आणि चार तासांनी आला, तर दोष भांड्यात किंवा जंतूंत शोधावा. दोन-तीन जनावरं असतील तर प्रत्येकीचं दूध वेगळ्या वाटीत कोमट करून हुंगावं.

कांद्याची खरी भीती मात्र वासाची नाही. कांद्यातली काही गंधकयुक्त संयुगं जनावराच्या तांबड्या पेशी फोडतात. रोज पाट्या भरून कांदा खाणारी म्हैस सुस्त झाली, डोळ्यांच्या आतली कड फिकी पडली किंवा मूत तांबडं, कॉफीसारखं होऊ लागलं, तर कांदा त्याच दिवशी बंद करून पशुवैद्याला बोलवावं. तिथं लिंबू-मिरची टांगण्यात दिवस घालवला तर जनावर हातचं जातं.