घाटे आणि ओंब्या: शेतावर यायचं तर नेमकं कधी?

आपल्याकडे इंदूरला सहलीची तारीख बहुतेक वेळा सण पाहून ठरते. रंगपंचमीची गेर झाली, रंग धुतला, मुलांना सुट्टी आहे, मग शेतावर जाऊन ओंब्या खाऊ. पण रंगपंचमी तिथीने येते. २०२४ मध्ये ती ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ मार्चला, २०२६ मध्ये ८ मार्चला. गव्हाला तिथी कळत नाही, तो पेरल्यापासूनचे दिवस मोजतो. २०२४ च्या त्या रंगपंचमीला आम्ही एका कुटुंबाला देपालपूरकडच्या शेतावर नेलं, तेव्हा तिथे फक्त धसकटं उभी होती. आजोबा बांधावर बसून म्हणाले, "अहो, हे तर आम्हाला आमच्या गच्चीवरूनही दिसलं असतं." चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही तारीख पेरणीवरून काढतो.

हिशेब सोपा आहे. आपल्या काळ्या मातीत हरभरा पेरल्यापासून साधारण ८५ ते १०० दिवसांत घाटे भरतात, पण दाणा हिरवा असतो. गव्हाची ओंबी भाजण्याजोगी होते साधारण ९५ ते १०५ दिवसांत. २५ ऑक्टोबरला पेरलेला हरभरा १८ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमारास खाण्याजोगा असतो. १५ नोव्हेंबरचा गहू १८ ते २८ फेब्रुवारीला. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी हवं असेल तर सहसा जमत नाही. एका तुकड्यात आम्ही हरभराही १५ नोव्हेंबरलाच पेरतो. त्याचे घाटे ८ ते २३ फेब्रुवारीपर्यंत हिरवे राहतात, म्हणून १८ ते २३ फेब्रुवारी एवढे पाच-सहा दिवस घाटे आणि ओंब्या दोन्ही मिळतात. यात शनिवार-रविवार एकच सापडतो आणि तोच सगळ्यांना हवा असतो.

फेब्रुवारीत ऊन लवकर तापलं तर दाणा घाईने पिकतो आणि हे दिवस चार-पाचांनी अलीकडे सरकतात. म्हणून सहलीच्या आधीच्या मंगळवारी आम्ही शेतात जाऊन दाणा नखाने दाबून बघतो. पांढरं दूध आलं तर ओंबी अजून कोवळी आहे. कणकेसारखा मऊ दाबला गेला तर अगदी वेळेवर. नख उमटलंच नाही तर उशीर झाला, मग आम्ही तसा फोन करतो आणि तुमची आगाऊ रक्कम दुसऱ्या तारखेला किंवा पुढच्या हंगामाला धरतो.

मुलांनी करायचं काय?

गव्हाच्या कापणीत त्यांना काम नाही. आता कापणी हार्वेस्टरने होते, धूळ फार उडते आणि यंत्राजवळ आम्ही कोणालाच उभं करत नाही. खरी गंमत हरभऱ्यात आहे. झाड मुळाशी धरून उपटायचं, चार-पाच झाडांची जुडी बांधायची, बांधावर बसून घाटे सोलायचे. आमच्या वाट्याच्या दोन ओळींवर आम्ही फवारणी करत नाही, कारण मुलं शेतातच दाणे तोंडात टाकतात. त्यामुळे काही घाट्यांना भोक असतं आणि आत हिरवी अळी निघते. एक ओरडतं, बाकीची दहा बघायला धावतात. दुसऱ्या ओळींना मात्र हात लावू देऊ नका, तिथे औषध मारलेलं असतं.

लवकर येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हरभऱ्याच्या पानांवरच्या केसांतून आंबट द्रव पाझरतो, त्याला आंब म्हणतात. पहाटे दव असताना स्वच्छ धुतलेलं पांढरं सुती फडकं झाडांवरून अलगद ओढलं की ते भिजतं. पिळून थेंबभर जिभेवर ठेवा, चिंचेपेक्षा तीक्ष्ण लागतं. हीच आंब हातांना, पायांना चुरचुरते आणि चामडी बुटांवर डाग पाडते. म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि जुने बूट घाला. नखांशी चीर असेल तर सोलायचं काम दुसऱ्याला द्या.

भाजणं

हरभऱ्याचा हुळा आणि गव्हाच्या ओंब्या आम्ही खळ्यातच भाजतो, शेतात नाही. बाजूला पिवळा पडत आलेला गहू असतो आणि एक ठिणगी पुरते. तुराट्यांचा जाळ करून जुड्या वर धरतो. बाहेरचं टरफल काळं झालं की काढायचं, आतला दाणा हिरवाच राहायला हवा. ओंब्या गरम असताना तळहातांत चोळून फुंकर मारायची, कुस उडतो आणि दाणे उरतात. कुस घशात अडकतो, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांना ओंब्या देऊ नका. जोराचा वारा असेल त्या दिवशी जाळ करत नाही, त्याऐवजी हिरव्या छोडची भाजी आणि बाफले चुलीवर होतात.

पेरणीच्या तारखा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून आमच्याकडे फोनवर मिळतील. सोबत धुतलेलं पांढरं फडकं आणि हात पुसायला जुना पंचा आणा.