खोक्यातले मांजर (वाजवी संशयाची ज्यूरीकथा)

फौजदारी खटल्यात ‘वाजवी संशय’ म्हणजे काय हे समजावण्यासाठी अमेरिकेत सांगितली जाणारी एक छोटी गोष्ट. वकील ती शेवटच्या युक्तिवादात सांगतात. पण तिचा खरा कस ज्यूरीच्या बंद खोलीत लागतो. तिथे बारा सामान्य माणसे एकमत होईपर्यंत बसलेली असतात आणि त्यांच्यापैकीच कुणीतरी ती सांगतो. गोष्ट साधारण अशी:

“एका खोक्यात मांजर ठेवलं, त्याच्याबरोबर एक उंदीर ठेवला. झाकण लावलं, सुतळीनं घट्ट बांधलं आणि आपण बाहेर गेलो. अर्ध्या तासानं येऊन उघडलं, तर आत एकटं मांजर. उंदीर कुठे गेला? मांजरानं खाल्ला. खाताना कुणी बघितलं का? नाही. तरी कुणाला शंका येणार नाही. आता तेच खोकं, तेच मांजर, तोच अर्धा तास. फक्त खोक्याच्या कोपऱ्यात एक भोक आहे. आता सांगा, उंदीर कुठे गेला?”

गोष्ट इथे संपते. उत्तर दिलेले नसते, आणि तिची ताकद त्यातच आहे. मांजराने उंदीर खाल्ला असण्याची शक्यता अजूनही मोठी आहे, बहुतेक त्यानेच खाल्ला असेल. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे, हे ऐकणाऱ्याला व्याख्येशिवाय कळते.

अशा गोष्टीची गरज पडते, कारण न्यायाधीशांकडून ज्यूरीला मिळणारी व्याख्या अनेकदा हाती काहीच देत नाही. आरोपीविरुद्धची प्रत्येक आवश्यक बाब वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाली पाहिजे, हा घटनात्मक नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली विनशिप खटल्यात स्पष्ट केला. तो खटला होता बारा वर्षांच्या मुलाचा, एका बाईच्या पाकिटातून ११२ डॉलर चोरल्याच्या आरोपाचा. नियम स्पष्ट झाला तरी ‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ सैलच राहिला. १९९० साली लुइझियानातील केज खटल्यात याच न्यायालयाने ज्यूरीला दिलेली व्याख्या घटनाबाह्य ठरवली. ‘गंभीर अनिश्चितता’ वाटली तरच आरोपीला सोडा, असा तिचा रोख होता आणि त्यामुळे संशयाची पातळी फार वर जात होती. चारच वर्षांनी नेब्रास्कातील व्हिक्टर खटल्यात न्यायालयाने सांगितले की, या कल्पनेसाठी राज्यघटनेने कोणतेही ठराविक शब्द घालून दिलेले नाहीत. काही संघीय अपील न्यायालयांचे तर मत असे की, व्याख्या करू नये, केल्याने गोंधळ वाढतो. मग ज्यूरी चिठ्ठी पाठवून विचारते, “वाजवी संशय म्हणजे नेमके काय?” आणि न्यायाधीश पुष्कळदा तीच सूचना पुन्हा वाचून दाखवतात. बारा जण खोलीत परततात, आणि अर्थ लावण्याचे काम त्यांच्यावरच येऊन पडते.

ही गोष्ट प्रत्यक्षात कशी वापरायची, हे एका कल्पित पण नेहमीच्या घडणीच्या खटल्यावरून पाहू. एक वृद्ध गृहस्थ आपल्या फ्लॅटमध्ये मृत आढळतात. कुणी खून करताना पाहिलेले नाही. इमारतीच्या पुढच्या दारावरच्या कॅमेऱ्यात संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात एकच बाहेरचा माणूस आत जाताना आणि बाहेर पडताना दिसतो. तो त्यांचा पुतण्या. दोघांत पैशांवरून भांडण होते, हेही साक्षीत आले आहे. ज्यूरीतले अकरा जण दोषी म्हणतात. बाराव्या बाई खोक्याची गोष्ट सांगतात आणि विचारतात, “मागच्या जिन्याच्या दाराचं काय?” इमारतीच्या रखवालदाराने उलटतपासणीत सांगितले होते की त्या दाराची कडी काही आठवडे तुटलेली होती, आणि तिथे कॅमेरा नाही.

इथून पुढे गोष्टीचा योग्य वापर म्हणजे तीन प्रश्न ओळीने विचारणे. पहिला प्रश्न: भोक खरोखर आहे का? ते पुराव्यात दिसले पाहिजे, केवळ कल्पनेत असून चालत नाही. ज्यूरी रखवालदाराची साक्ष पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती करते. साक्ष तशीच आहे. पण पोलिसांनी दोन दिवसांनी घेतलेल्या छायाचित्रात कडी धड दिसते. मधल्या काळात ती दुरुस्त झाली का, हे सरकार पक्षाने रखवालदाराला विचारलेच नाही. दुसरा प्रश्न: भोकातून उंदीर जाईल का? कडी तुटली असली, तरी फ्लॅटचे स्वतःचे दार होतेच. कुलूप फोडल्याची खूण नसेल, तर येणाऱ्याकडे किल्ली होती किंवा मृताने स्वतः दार उघडले. दोन्ही शक्य आहे, पण भोक आता लहान झाले. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तोच विसरतात: मांजराच्या मिशीला रक्त आहे का? पुतण्याच्या सदऱ्यावर मृताचे ताजे रक्त सापडले असेल आणि त्याचा दुसरा खुलासा पुराव्यात कुठेच दिसत नसेल, तर कोपऱ्यातले भोक असूनही उंदीर कुठे गेला हे कळते. तसे काहीच सापडले नसेल, तर कॅमेरा फक्त एवढेच सांगतो की पुतण्या त्या वेळी इमारतीत होता.

म्हणजे भोक दिसले की आरोपी सुटला, असा या गोष्टीचा अर्थ होत नाही. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा गैरवापर हाच आहे. गोष्ट सांगणारा ज्यूरर जिंकल्याच्या भावनेने थांबतो, आणि बाकीचे भोकाचे माप घेण्याऐवजी गोष्टीवर खूश होतात. गोष्टीत एकच पुरावा आहे, बंद खोके. खऱ्या खटल्यात पुराव्याचे अनेक धागे असतात. त्यातला एक कच्चा निघाला म्हणून बाकीचे आपोआप तुटत नाहीत.

याच्या उलट दिशेची चूकही तितकीच घातक. एखादा ज्यूरर म्हणतो, “बचाव पक्षानं भोक दाखवलंच नाही.” पण खोके सगळीकडून बंद होते, हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. आरोपी संपूर्ण खटलाभर गप्प बसू शकतो. रखवालदाराची साक्ष सरकार पक्षानेच आणलेली असली, तरी तिच्यातून दिसलेले भोक आरोपीच्या बाजूने मोजायचे असते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असला, तर ही गोष्ट फारशी उपयोगाची नाही. तेव्हा प्रश्न खोक्याचा नसतो, ‘मी मांजराला खाताना पाहिलं’ म्हणणारा खरे बोलतो का, याचा असतो.

तरीही याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इतर उपमांपेक्षा ही गोष्ट सरस आहे, आणि ते कॅलिफोर्नियातील २००९ च्या कॅट्झेनबर्गर खटल्यावरून दिसते. तिथे सरकारी वकिलाने ज्यूरीला पडद्यावर आठ तुकड्यांच्या कोड्यातले सहा तुकडे दाखवले. दोन नव्हते, तरी चित्र स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे आहे, हे लगेच ओळखू आले. अपील न्यायालयाने ही उपमा चुकीची ठरवली, मात्र तिच्यामुळे निकालावर परिणाम झाला नाही म्हणून शिक्षा कायम ठेवली. हरकत दोन गोष्टींना होती. पुतळा सर्वांच्या ओळखीचा असल्याने ज्यूरी सगळा पुरावा पाहण्याआधीच निष्कर्षावर उडी मारते. शिवाय आठपैकी सहा म्हणजे पाऊण पुरावा पुरे, असा आकडा मनात बसतो. खोक्याच्या गोष्टीत आकडा नाही. ती किती तुकडे जमले हे विचारत नाही. निर्दोष असण्याची वाट कुठे उघडी राहिली का, एवढेच विचारते.

ज्यूररने ही गोष्ट सांगणे नियमात बसते का? बसते. ज्यूररने आपली समज आणि आयुष्याचा अनुभव सोबत आणावा, अशीच अपेक्षा असते. मनाई आहे ती बाहेरून नवा पुरावा आणण्याला. वरच्या खटल्यातल्या बाईंनी रात्री त्या इमारतीपाशी जाऊन कडी हलवून पाहिली असती आणि सकाळी बाकीच्यांना सांगितले असते, तर खटला रद्द होण्याचा धोका होता. खोलीत झालेला युक्तिवाद मात्र सहसा तपासता येत नाही. निकालानंतर तो उलटवण्यासाठी ज्यूररांची चर्चेविषयीची साक्ष अमेरिकी संघीय न्यायालये जवळजवळ घेतच नाहीत. २०१७ च्या पेन्या-रॉड्रिगेझ निकालाने वंशद्वेषातून दोषी ठरवल्याचा स्पष्ट पुरावा असेल, तेवढ्यापुरता अपवाद केला. त्यामुळे वकिलाने चुकीची उपमा दिली तर प्रतिपक्ष हरकत घेतो आणि अपिलात ती तपासली जाते, पण ज्यूररने दिली तर ती दुरुस्त करायला उरलेले अकरा जणच असतात.

महाराष्ट्रातील निकालांत हीच कल्पना साखळीच्या रूपाने भेटते. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘केले असेल’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांतले अंतर मोठे असते, असे सांगितले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संशयाच्या फायद्याची अतिरेकी भक्ती करू नये, असेही बजावले, म्हणजे नसलेली भोके शोधत बसू नका. पुण्यात घडलेल्या घटनेवरच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात या दोन्ही बाजूंची परीक्षा झाली. विवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला होता. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडले. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारा कोणताही वाजवी निष्कर्ष शिल्लक ठेवणारी नसावी, असे या निकालाने सांगितले आणि त्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांना आज ‘पंचशील’ म्हणतात. या खटल्यात आत्महत्येची शक्यता उघडी राहिली होती. तिने माहेरच्या माणसांना आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची मनःस्थिती दिसत होती. खोक्याच्या भाषेत सांगायचे तर भोक कुणी कल्पिले नव्हते, ते तिच्याच हस्ताक्षरात नोंदीवर होते.

सारडा खटला ज्यूरीपुढे चालला नव्हता. मुंबईत पूर्वी सत्र खटल्यांसाठी नऊ जणांची ज्यूरी असे. १९५९ च्या नानावटी खटल्यात तिने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. हा कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तिथे आरोपी दोषी ठरला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. ज्यूरी आपल्या निकालाची कारणे देत नसे. आता भारतात भोक दिसले की नाही आणि ते केवढे होते, हे न्यायाधीशाला निकालपत्रात कारणांसह लिहावे लागते.