मस्ट आणि शुड: मेसच्या अ‍ॅपच्या यादीत अडकलेले दोन शब्द

गेल्या सत्रात चार मुलांच्या एका टीमला मी मार्गदर्शन करत होते. तिसरं वर्ष, मिनी प्रोजेक्ट, विषय त्यांनीच निवडलेला: वसतिगृहाच्या मेसमध्ये आज रात्री किती जण जेवणार, याचा आकडा देणारं अ‍ॅप. मेस चालवणाऱ्या काकू रोज साठ मुलांचा स्वयंपाक करत आणि जेवायला कधी बेचाळीस येत, कधी अठ्ठावन्न. उरलेल्या पोळ्यांची चवड मुलांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे विषय कागदावरचा नव्हता.

पहिल्या बैठकीत त्यांनी बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, दाखवला. दहा कामं, प्रत्येकापुढे अंदाजे तास आणि कामांचा अग्रक्रम लावणाऱ्या मॉस्को पद्धतीचा शिक्का: मस्ट, शुड, कुड किंवा वोन्ट. दहापैकी आठ कामांवर ‘मस्ट’ लिहिलेलं होतं. मी विचारलं, ‘‘आठही?’’ टीममधली एक मुलगी म्हणाली, ‘‘ताई, सगळंच महत्त्वाचं आहे ना.’’

गोंधळ नेमका इथे होतो. महत्त्वाचं असणं ही मस्टची खूण नाही, कारण शुडसुद्धा महत्त्वाचंच असतं. वोन्ट म्हणजे या खेपेला नाही, हे मुलांना पटकन कळतं. कुड म्हणजे जमलं तर, हेही कळतं. मस्ट आणि शुड मात्र एकमेकांत मिसळतात, आणि ते मिसळले की बाकी दोन शिक्क्यांनाही अर्थ उरत नाही.

ही पद्धत डाय क्लेग यांनी 1994 मध्ये मांडली, तेव्हा ते ओरॅकलमध्ये काम करत होते. पुढे डीएसडीएम या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या कार्यपद्धतीने ती उचलून धरली. नावाचा रशियाच्या राजधानीशी संबंध नाही. मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट यांची पहिली अक्षरं घेतली आणि उच्चार करता यावा म्हणून मध्ये दोनदा ‘ओ’ घातला, एवढंच. ती ठरलेल्या मुदतीच्या कामासाठी घडली, हे लक्षात ठेवायला हवं. तारीख हलणार नाही, माणसं वाढणार नाहीत, मग हलेल ते काय? हलेल ती कामांची यादी. विद्यार्थ्यांच्या टीमची अवस्था हुबेहूब अशीच असते, कारण सबमिशनची तारीख पुढे जात नाही.

म्हणून शिक्क्यांच्या आधी तास मोजले. चार जण, प्रत्येकाचे आठवड्याला खरोखर मिळणारे आठ तास, आणि सहा आठवड्यांतला एक आठवडा परीक्षेत जाणारा. म्हणजे 160 तास. त्यातले 16 रिपोर्ट आणि सादरीकरणाला बाजूला काढले. उरले 144. मुलांच्या आठ मस्टची बेरीज होती 152. सगळं सुरळीत झालं असतं तरीही ‘झालंच पाहिजे’ म्हणून लिहिलेलं काम पूर्ण होणार नव्हतं. डीएसडीएमचा आडाखा असा की मस्टची मेहनत एकूण मेहनतीच्या साठ टक्क्यांवर जाऊ नये आणि कुडला साधारण वीस टक्के असावेत. हे टक्के कामांच्या संख्येचे नाहीत, मेहनतीचे आहेत. 144 चे साठ टक्के म्हणजे जेमतेम 86 तास.

मग एकेका कामाला एकच प्रश्न विचारत गेलो: ठरलेल्या दिवशी हे तयार नसेल, तर अ‍ॅप काकूंच्या हातात द्यायचं की नाही? ‘देऊन उपयोगच नाही’ असं उत्तर आलं तर ते मस्ट. ‘देऊ, पण तोवर अमुक जण तमुक करेल’ असं आलं तर ते शुड. त्या ‘तोवर’च्या पुढे खरी सोय सांगता आली पाहिजे: कोण करणार, रोज किती वेळ लागणार. नुसतं ‘बघू काहीतरी’ म्हटलं तर ती सोय नव्हे.

तीन कामं विनाहरकत मस्टमध्ये राहिली. मुलाने ‘जेवणार’ किंवा ‘नाही’ नोंदवणं, 20 तास. काकूंना एकूण आकडा दिसणं, 12 तास. दुपारी चारला नोंद बंद होणं, 8 तास. या तिसऱ्यावर एकाने शंका काढली की उशिरा नोंदवलं तर एवढं काय बिघडतं. त्याला काकूंकडे पाठवलं. काकू म्हणाल्या, ‘‘चारला मी कणीक भिजवते. त्यानंतर आकडा बदलला, तर तो मला काय कामाचा?’’ वाद संपला. चारनंतर हलणारा आकडा म्हणजे आकडा नसल्यासारखाच.

पुढे खडाजंगी झाली ती आठवण करून देणाऱ्या नोटिफिकेशनवर. 18 तासांचं काम. मुलांचा मुद्दा वजनदार होता: आठवण केली नाही तर मुलं नोंद करणारच नाहीत, मग आकडा चुकेल, आणि आकडा चुकला तर अ‍ॅपच फसलं. म्हणजे हे मस्टच. मी विचारलं, ज्याने नोंदच केली नाही त्याला अ‍ॅप कशात धरतं? हे कुणी ठरवलंच नव्हतं. ‘नोंद नाही म्हणजे जेवणार’ असा नियम ठेवला, तर विसरणाऱ्यामुळे फार तर एका ताटाचं अन्न उरेल. उलटा नियम ठेवला, तर विसरलेलं पोर रात्री उपाशी राहील. पहिला नियम घातल्यावर साडेतीनला वसतिगृहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक मेसेज टाकण्याची सोय पुरेशी ठरली. एका मुलाने ते काम अंगावर घेतलं, अर्ध्या मिनिटाचं. नोटिफिकेशन शुडमध्ये गेलं, आणि जो नियम यादीत नव्हताच तो दोन तासांचं मस्ट म्हणून आत आला. मला या पद्धतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मस्टसाठी भांडताना भांडण ज्या गोष्टीवर चाललंय तिच्या खालून खरी गरज वर येते.

लॉगिनचंही तसंच झालं. ओटीपीचं लॉगिन 24 तासांचं लिहिलं होतं. पण गरज ओटीपीची नव्हती, एकाच्या नावावर दुसऱ्याने नोंद करू नये एवढीच होती. रोल नंबर आणि काकूंनी दिलेला चार आकडी पिन, यात ती भागते. तेवढं 10 तासांचं मस्ट झालं आणि ओटीपीचे उरलेले 14 तास कुडमध्ये गेले. एका कामाचे असे दोन तुकडे पडत नसतील, तर बहुधा यादीत गरजेच्या जागी तिचा उपायच लिहिला गेलेला असतो.

खाड्यांचा महिन्याचा हिशेब, 26 तास, हा शुडचा सर्वांत चांगला नमुना. काकूंना तो मनापासून हवा होता. कुणी किती दिवस जेवला नाही, त्याप्रमाणे किती पैसे वजा करायचे, यावरून दर महिन्याला कटकट होई. पण पहिला महिना वहीवर निघू शकत होता, कारण वही आजही चालूच होती. त्रास होणार, अडणार नाही. अट एकच: रोजच्या नोंदी तारखेनिशी साठवलेल्या हव्यात, नाहीतर हिशेब नंतरही करता येणार नाही. ती साठवण नोंदीच्या मस्टमध्येच धरली. एखादं मस्ट शुडवर अवलंबून निघालं तर ते शुड मस्टच मानावं लागतं, म्हणून असे धागे आधीच तपासलेले बरे.

बाकीचं पटापट झालं. यूपीआयने पैसे भरणं, 36 तास, वोन्टमध्ये गेलं. त्यासाठी लागणारी खात्याची कागदपत्रं मुलांच्या हातात नव्हतीच. पुढच्या सत्रात तेच मस्ट होऊ शकेल, कारण शिक्का कामाला कायमचा चिकटत नाही, तो त्या मुदतीपुरता असतो. मेनू दाखवणं, 8 तास, कुडमध्ये गेलं, कारण मेनू फळ्यावर लिहिलेला असतोच. अभिप्रायाचे 12 तासही तिथेच. डार्क मोड सोडून दिला. आणि सर्व्हरवर अ‍ॅप चढवणं, 10 तास, हे यादीत नव्हतंच. ते न करता काकूंच्या फोनवर काहीच दिसलं नसतं, म्हणून ते मस्ट.

नवी बेरीज अशी: मस्ट 62, शुड 44, कुड 34. एकूण 140 तास, हातात 144.

आता दुसरी चूक. यादी अशी लागली की काही टीमना वाटतं, मस्ट म्हणजे करायचं आणि शुड म्हणजे नाही केलं तरी चालेल. तसं नाही. शुड करायचंच असं धरूनच बेत आखायचा असतो. नेहमीच्या अडचणी आल्या तर पहिला बळी कुडचा जातो. शुडला हात लागतो तो त्याहून मोठं संकट आल्यावर. दोघांमधला फरक करायचं की नाही यात नसून, गाडी घसरली तर कुठवर घसरू द्यायची यात आहे.

आणि घसरली. तिसऱ्या आठवड्यात चाचणीला दिलेलं अ‍ॅप चारनंतरही नोंदी घेत राहिलं. मुलांनी कोड तीनतीनदा वाचला, अट बरोबरच होती. रात्री जेवणं उरकून गप्पा मारत बसले असताना एकाने सहज फोन उघडला, तर साडेनऊला नोंद बंद झालेली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होतं, आणि तिथे दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात. मध्यरात्रीनंतर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत केलेली नोंदही आदल्या तारखेला पडत होती. निदान, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी धरून 8 तासांचं काम 17 वर गेलं. सर्व्हरवर चढवण्याचे 10 चे 18 झाले, नोंदीच्या स्क्रीनचे 20 चे 26. मस्ट 62 वरून 85 तासांवर पोहोचलं.

85 म्हणजे साठ टक्क्यांच्या रेषेच्या किंचित आत. 144 मधून 85 आणि शुडचे 44 वजा केले तर 15 उरतात. त्यात मेनूचे 8 बसले. ओटीपी आणि अभिप्राय गेले, आणि त्यांच्यासाठी कुणी जागरण केलं नाही. पहिल्या यादीने सुरुवात केली असती तर हे वाढलेले 23 तास कशातून काढणार होते? आठही कामं मस्ट, म्हणजे सोडायला काहीच नाही. मग सोडलं जातं ते जे शेवटी हातात उरतं ते, आणि मुलांनी क्रम लावला होता त्यात सर्वांत शेवटी होता काकूंचा आकड्याचा स्क्रीन.

मॉस्को एक गोष्ट सांगत नाही: मस्टमधलं कुठलं आधी करायचं. तिथे या टीमने एक बारीक वाट आधी तयार केली. एकच मूल, एकच नोंद, आणि काकूंच्या फोनवर दिसणारा ‘1’. तो पहिल्याच आठवड्यात दिसला. काकूंनी चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, ‘‘उद्यापासून वही नको का मग?’’ मुलांनी सांगितलं, ‘‘हिशेब होईपर्यंत ठेवा, काकू.’’ हिशेब पाचव्या आठवड्यात आला.