लेट्रोझोल आणि क्लोमिफीन : बीजोत्सर्जन घडवणारी औषधे व फॉलिकलची सोनोग्राफी

ज्या स्त्रीच्या अंडाशयात बीजे आहेत, पण दर महिन्याला त्यातले एक पिकून बाहेर पडत नाही, तिला बीजोत्सर्जनासाठी ज्या गोळ्या देतात त्यात लेट्रोझोल आणि क्लोमिफीन सायट्रेट या दोन प्रमुख आहेत. दोन्ही पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायच्या असतात आणि दोन्हींचा अंतिम परिणाम एकच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून बीज ज्या द्रवभरल्या पिशवीत पिकते त्या फॉलिकलला वाढवणारे एफएसएच हे संप्रेरक जास्त स्रवू लागते. फरक आहे तो या गोळ्या शरीरात कुठे काम करतात आणि किती काळ रेंगाळतात यात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या फॉलिकलांची संख्या, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि जुळ्यांची शक्यता या सगळ्यांवर त्या दोन गोष्टींची छाप पडते.

कार्यपद्धती

वाढणारे फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करते. रक्तातले इस्ट्रोजेन वाढले, की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग आणि पीयूषिका एफएसएचचा पुरवठा आखडता घेतात. दोन्ही औषधे या निरोपातच व्यत्यय आणतात, मात्र वेगवेगळ्या ठिकाणी.

क्लोमिफीन हायपोथॅलॅमसमधल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरांवर ठाण मांडून बसते. रक्तात इस्ट्रोजेन असूनही मेंदूला ते जाणवत नाही, म्हणून तो एफएसएच आणि बीज सुटायला लावणारे एलएच ही संप्रेरके वाढवतो. हे औषध दोन समघटकांचे मिश्रण आहे. त्यातला एनक्लोमिफीन लवकर निघून जातो, पण झुक्लोमिफीन अनेक आठवडे शरीरात राहू शकतो. त्यामुळे गोळ्या थांबल्या तरी मेंदूची फसवणूक चालूच राहते, एफएसएच वेळेवर उतरत नाही आणि एरवी मागे पडून सुकले असते असे दुसरे-तिसरे फॉलिकलही पुढे येते. शिवाय हे औषध फक्त मेंदूतले रिसेप्टर अडवून थांबत नाही. गर्भाशयाचे अस्तर आणि ग्रीवेचा स्राव यांनाही इस्ट्रोजेन लागते, आणि तिथेही ते आडवे येते. फॉलिकल सुरेख वाढलेले आणि अस्तर मात्र ५-६ मिमीवर अडकलेले, हे चित्र क्लोमिफीनच्या चक्रात म्हणूनच दिसते.

लेट्रोझोल रिसेप्टरांना हातच लावत नाही. अँड्रोजेनपासून इस्ट्रोजेन बनवणारे अ‍ॅरोमाटेझ हे विकर ते अडवते. इस्ट्रोजेन खरोखरच कमी होते आणि मेंदू एफएसएच वाढवतो. त्याचे अर्धायुष्य साधारण दोन दिवसांचे आहे, म्हणून गोळ्या संपल्यावर असर ओसरत जातो, पुढे गेलेले फॉलिकल पुन्हा इस्ट्रोजेन बनवू लागते आणि रिसेप्टर मोकळे असल्याने मेंदूला ते लगेच कळते. एफएसएच उतरते, मागची फॉलिकले गळतात आणि बहुधा एकच तगते. अस्तरालाही इस्ट्रोजेन मिळू लागते.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ७५० जणींना जास्तीत जास्त पाच चक्रे यांपैकी एक औषध दिले गेले. जिवंत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण लेट्रोझोल गटात २७.५ टक्के, तर क्लोमिफीन गटात १९.१ टक्के होते. गर्भधारणांमध्ये जुळ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.४ आणि ७.४ टक्के होते, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम ठरण्याइतका नव्हता. पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आता लेट्रोझोललाच पहिली पसंती देतात, जरी अनेक देशांत त्याची अधिकृत नोंदणी स्तनाच्या कर्करोगासाठी आहे. क्लोमिफीन बाद झालेले नाही, पण पीसीओएसमध्ये ते आधी निवडायला आता काही खास कारण असावे लागते.

दोन्ही गोळ्यांची मर्यादा एकच: मेंदू आणि अंडाशय यांच्यातला संवाद शाबूत हवा. अतिकमी वजन किंवा अतिव्यायामामुळे हायपोथॅलॅमसच थंडावला असेल, किंवा अंडाशयातली बीजेच संपली असतील, तर या गोळ्यांकडून फारशी आशा नसते. बीजनलिका बंद असतील किंवा वीर्यात शुक्राणू नसतील तर बीज सुटूनही उपयोग नाही, म्हणून त्या तपासण्या आधी उरकलेल्या बऱ्या.

मात्रा

लेट्रोझोल रोज २.५ मिग्रॅपासून सुरू करतात, प्रतिसाद नसेल तर पुढच्या वेळी ५ आणि मग ७.५ मिग्रॅ. क्लोमिफीन ५० मिग्रॅपासून सुरू होऊन सहसा १०० आणि क्वचित १५० मिग्रॅपर्यंत जाते. गोळ्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घेतात. बीजोत्सर्जन झाले पण गर्भ राहिला नाही, तर मात्रा वाढवायची नसते. जी लागू पडली तीच पुन्हा द्यायची. पाळीच येत नसेल तर आधी गर्भधारणा नाही याची खात्री करून प्रोजेस्टोजेनच्या गोळ्यांनी रक्तस्राव आणवतात. क्लोमिफीन घेताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे ठिणग्या चमकल्या, तर गोळ्या थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते.

फॉलिक्युलर स्टडी

पहिली सोनोग्राफी गोळ्या सुरू होण्यापूर्वी, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. अनेक ठिकाणी ती गाळली जाते आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आधीच्या चक्रातली गाठ उरली असेल, तर नवव्या दिवशी दिसलेला २२ मिमीचा काळा गोल हे वाढलेले फॉलिकल आहे असे वाटू शकते आणि गाठीलाच ट्रिगरचे, म्हणजे बीज सुटायला लावणारे, इंजेक्शन दिले जाते. पहिल्या सोनोग्राफीत अस्तर पातळ आणि अंडाशयात फक्त लहान फॉलिकले असली, की पुढचे आकडे वाचणे सोपे जाते.

दुसरी सोनोग्राफी दहाव्या ते बाराव्या दिवशी, योनिमार्गाच्या प्रोबने, मूत्राशय रिकामे ठेवून करतात. फॉलिकलचा सर्वांत मोठा व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजून सरासरी घेतात. फक्त लांब व्यास पाहिला तर फसगत होते: २४ गुणिले १४ मिमीचे लांबट फॉलिकल २४चे नव्हे, १९चे असते. शिरेचा आडवा छेदही गोल आणि काळा दिसतो. प्रोब फिरवल्यावर तो नळीसारखा लांबला, तर ते फॉलिकल नाही. दोन तपासनिसांच्या मापांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच, म्हणून एका चक्रातली मापे शक्यतो एकाच हाताने घेतलेली बरी.

अस्तर गर्भाशयाच्या उभ्या मध्यछेदात, सर्वांत जाड जागी मोजतात. बीजोत्सर्जनापूर्वी ते तीन पदरी दिसते, बाहेरच्या दोन उजळ रेघा आणि मधे एक. ७ मिमीच्या पुढे गेले की सहसा समाधान मानतात, पण त्याखालीही गर्भ राहतो, तेव्हा तेवढ्यावरून चक्र सोडून देऊ नये.

पुढे आलेले फॉलिकल रोज सुमारे दीड ते दोन मिमी वाढते, म्हणून पुढची तारीख अंदाजाने नव्हे, हिशोबाने ठरते. लेट्रोझोलच्या चक्रात फॉलिकल १८ ते २० मिमी झाले की ट्रिगर देतात. क्लोमिफीनमध्ये ते आणखी मोठे होऊन फुटते, म्हणून २० मिमीच्या पुढे जाऊ देतात. ट्रिगर म्हणजे एलएचसारखेच काम करणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचे ५,००० ते १०,००० युनिटांचे इंजेक्शन. त्यानंतर साधारण ३६ ते ४० तासांत बीज सुटते. हे इंजेक्शन प्रत्येकीला लागतेच असे नाही, कारण शरीराचा स्वतःचा एलएच उसळला तर काम आपोआप होते. १५ मिमीच्या फॉलिकलला घाईने ट्रिगर दिला तर कच्चे बीज हाती लागते.

लेट्रोझोलच्या चक्रात एक सापळा रक्ततपासणीचा आहे. इस्ट्राडायोल हे मुख्य इस्ट्रोजेन मुद्दाम खाली आणलेले असते, त्यामुळे पक्व फॉलिकल असतानाही आकडा कमी दिसतो आणि ‘वाढ नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तिथे सोनोग्राफीवरच विसंबावे. घरच्या एलएच किटचीही तीच गत: पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढा असू शकतो आणि गोळ्या चालू असतानाही तो वाढतो, म्हणून शेवटच्या गोळीनंतर तीनेक दिवस किट वापरू नये.

एक चक्र, दोन तऱ्हा

समजा, ५० दिवसांनी पाळी येणाऱ्या पीसीओएसच्या स्त्रीने तिसऱ्या ते सातव्या दिवशी लेट्रोझोल २.५ मिग्रॅ घेतले. अकराव्या दिवशी उजव्या अंडाशयात ११ मिमीचे एक फॉलिकल आहे, बाकी सगळी ८च्या आत, अस्तर ५.८ मिमी. अजून तीन दिवस थांबायला हरकत नाही. चौदाव्या दिवशी ते १६ मिमी, अस्तर ७.४. सोळाव्या दिवशी १९.५ मिमी, अस्तर ८.६ आणि तीन पदरी. रात्री दहाला ट्रिगर दिला, तर अठराव्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बीज सुटणे अपेक्षित. म्हणून सोळाव्या रात्रीपासून अठराव्यापर्यंत संबंध ठेवायचे. एकोणिसाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत फॉलिकल आकसलेले, कडा वेड्यावाकड्या, आत धूसर ठिपके, गर्भाशयामागे थोडे पाणी आणि अस्तर एकसारखे उजळ. म्हणजे फॉलिकल फुटून बीज सुटले. पंचविसाव्या दिवशी रक्तातले प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर दुसऱ्या बाजूनेही तेच सिद्ध होते. फॉलिकल तसेच गोल राहून मोठे होत गेले, तर ते न फुटताच प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या पीतपिंडात बदलले असण्याची शक्यता असते. तेव्हा प्रोजेस्टेरॉन चढलेले दिसूनही बीज आतच असते, म्हणून एकट्या रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

तिनेच दुसऱ्या वेळी क्लोमिफीन १०० मिग्रॅ घेतले आणि बाराव्या दिवशी १७, १६ आणि १५ मिमीची तीन फॉलिकले, अस्तर ५.५ मिमी असे दिसले, तर आनंदाची गोष्ट नव्हे. तिन्ही फुटली तर तिळ्यांचा धोका आहे. अशा वेळी ट्रिगर टाळून, त्या चक्रात संबंध टाळायला किंवा निरोध वापरायला सांगून चक्र सोडणेच योग्य. पुढच्या वेळी मात्रा निम्मी करतात किंवा लेट्रोझोलकडे वळतात.

आणि काहीच वाढले नाही तर? चौदाव्या दिवशी १० मिमीच्या पुढे एकही फॉलिकल नसेल, तर पाळीची वाट न पाहता त्याच वेळी मात्रा वाढवून आणखी पाच दिवस गोळ्या देण्याची पद्धत आहे, म्हणजे लेट्रोझोल २.५ होते तिथे ५ मिग्रॅ. मग आठवडाभराने पुन्हा सोनोग्राफी. पाळी आणवण्यात जाणारे दोनतीन आठवडे वाचतात. पीसीओएसमध्ये फॉलिकल जागे व्हायला उशीर लागू शकतो, म्हणून दहाव्या दिवशीच्या एका कोऱ्या सोनोग्राफीवरून ‘औषध लागू पडले नाही’ असा शेरा मारू नये. निदान चौदाव्यापर्यंत पाहावे.