ठळक छापलेले दोन आकडे आणि साधा छापलेला एक

बावन्न वर्षांच्या एका बाईंचा रक्ततपासणीचा रिपोर्ट समोर आहे आणि डॉक्टरांची भेट चार दिवसांनी आहे, असे समजू. वीस-एक चाचण्यांपैकी दोन आकडे ठळक छापले आहेत. पोटॅशियम ५.६ असून लॅबची मर्यादा ३.५ ते ५.१ असल्यामुळे त्यापुढे ‘एच’ हे अक्षर आहे. एमसीएच, म्हणजे एका लाल पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे याचे माप, २६.८ आहे आणि मर्यादा २७ पासून सुरू होत असल्यामुळे त्यापुढे ‘एल’ आहे. क्रिएटिनिन ०.९८ आहे, त्याची मर्यादा ०.५ ते १.१ असल्याने ते साध्या अक्षरांत आहे आणि त्याकडे कोणाची नजर जाण्याचे कारणच नाही. माझ्या मते या रिपोर्टमध्ये सर्वांत आधी विचारण्याजोगा आकडा तोच आहे.

असे का, हे कळण्यासाठी उजवीकडच्या रकान्यातली ही मर्यादा येते कुठून ते पाहावे लागते. निरोगी समजल्या गेलेल्या माणसांचा एक गट घेतात. प्रत्येक गटात निदान १२० जण असावेत असा प्रघात आहे. त्यांची मापे चढत्या क्रमाने लावून वरची अडीच टक्के आणि खालची अडीच टक्के सोडून देतात, आणि मधल्या ९५ टक्क्यांची दोन टोके छापतात. बऱ्याच लॅब हे काम स्वतः न करता यंत्र किंवा रसायन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली मर्यादा पडताळून वापरतात, आणि म्हणूनच दोन लॅबच्या रिपोर्टांवर एकाच चाचणीची मर्यादा थोडी वेगळी दिसते. या व्याख्येतच एक गोष्ट दडलेली आहे: निरोगी माणसांपैकी पाच टक्के प्रत्येक चाचणीत मर्यादेबाहेर असणार, कारण त्यांना बाहेर ठेवूनच मर्यादा आखली आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या परस्परांशी जोडलेल्या असल्याने हा आकडा काहीसा कमी असतो.

सगळ्याच मर्यादा अशा रीतीने काढलेल्या नसतात, हेही येथेच सांगायला हवे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीतील ६.५ टक्के ही रेषा निरोगी माणसांच्या गर्दीतून आलेली नाही. त्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्यावरील इजा ठळकपणे वाढताना दिसते, म्हणून ती ठरवली आहे. कोलेस्टेरॉलचेही तसेच आहे. अशा रेषेचा अर्थ ‘इथून धोका वाढतो’ असा असतो, तर एमसीएचच्या मर्यादेचा अर्थ फक्त ‘बहुतेक लोक या दोन टोकांच्या मध्ये सापडतात’ एवढाच असतो. छापताना मात्र दोन्ही एकाच रकान्यात, एकाच तोऱ्यात उभ्या असतात.

आता बाईंच्या ठळक आकड्यांकडे वळू. एमसीएच मर्यादेपेक्षा ०.२ ने कमी आहे, हिमोग्लोबिन आणि पेशींचा आकार व्यवस्थित आहे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात हाच आकडा २६.९ होता. म्हणजे तो त्यांचा नेहमीचाच आकडा दिसतो. काठावर राहणाऱ्याचे पाऊल कधी आत, कधी बाहेर पडते. हाच आकडा पूर्वी ३० असता आणि आता घसरून २६.८ वर आला असता, तर लोहाची कमतरता किंवा हळूहळू होणारा रक्तस्राव शोधावा लागला असता.

पोटॅशियमची गोष्ट निराळी आहे. शरीरातले बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते. लाल पेशीत ते भोवतालच्या द्रवापेक्षा पंचवीस-तीस पट दाट असते. रक्त घेताना सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलवली गेली किंवा नमुना वेगळा करायला उशीर झाला, की थोड्या पेशी फुटतात अथवा पाझरतात आणि नळीतले पोटॅशियम वाढते. शरीरातले वाढलेले नसतेच. दंडाला पट्टा बांधून मूठ वारंवार उघडझाप केल्यानेही आकडा फुगतो. म्हणून रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘नमुना हीमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते पाहावे. तो असेल तर हा आकडा उत्तर न मानता नमुना पुन्हा देण्याचे कारण मानावा. मात्र शेरा नसणे म्हणजे आकडा खोटा नसल्याची हमी नाही, आणि शेरा असणे म्हणजे खरे पोटॅशियम ठीक असल्याचीही हमी नाही. आकडा ६ च्या पुढे असेल, किंवा छातीत धडधड, कमालीचा अशक्तपणा, मूत्रपिंडाचा जुना विकार अथवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवे.

उरले क्रिएटिनिन. हे स्नायूंतून सतत तयार होणारे आणि मूत्रपिंडाने गाळून टाकलेले द्रव्य आहे. माणसामाणसांत त्याची पातळी बरीच वेगळी असते, कारण स्नायूंचे प्रमाण वेगळे असते; पण एकाच माणसात ती फारशी हलत नाही. त्यामुळे गर्दीवरून आखलेली मर्यादा एकट्या माणसासाठी फार सैल पडते. बाईंचे क्रिएटिनिन तीन वर्षांपूर्वी ०.६२ होते. शरीरातला रोजचा चढउतार पाच टक्के आणि यंत्राचा तीन टक्के धरला, तर दोन तपासण्यांमधला सुमारे १६ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या चढउतारानेही पडू शकतो, म्हणजे ०.७२ पर्यंत. आताचा ०.९८ हा ५८ टक्क्यांनी वाढलेला आहे. वय आणि लिंग धरून मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग काढणाऱ्या प्रचलित सूत्रानुसार हा प्रवास सुमारे १०९ वरून ६९ असा होतो. एवढी घट झाली आणि तरीही रिपोर्टवर एकही अक्षर ठळक झाले नाही.

याचा अर्थ मूत्रपिंड बिघडले असा लगेच घेता येणार नाही. दोन रिपोर्ट वेगळ्या लॅबचे असतील, तर एकीने जाफे पद्धत आणि दुसरीने एन्झाइम पद्धत वापरलेली असू शकते, आणि त्यांच्यात एक-दोन दशांशांचा फरक पडतो, पण ०.३६ चा पूर्ण फरक त्याने समजावता येणे कठीण. तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर मांस खाल्ले असेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा क्रिएटिनची पूड सुरू असेल, तर आकडा वर जातो. गुडघेदुखीसाठी आठवडेच्या आठवडे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी करून खरोखरच गाळणी मंद करतात. या कारणांतले कोणते लागू आहे, ते रिपोर्टवर कुठेच लिहिलेले नसते. ते फक्त बाईंनाच माहीत असते.

म्हणून भेटीला जाताना त्यांनी दोन्ही मूळ रिपोर्ट घ्यावेत, त्यांवरची एकके सारखी आहेत का हे पाहावे (काही ठिकाणी क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये देतात, आणि तो आकडा ८८.४ पट मोठा दिसतो), तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्या, पूड आणि काढे लिहून न्यावेत, आणि कागदाच्या सर्वांत वर एवढेच लिहावे: ‘क्रिएटिनिन तीन वर्षांत ०.६२ वरून ०.९८ झाले आहे. तेव्हा गुडघ्याची गोळी सुरू नव्हती, आता रोज सुरू आहे.’ ते वाचून डॉक्टर बहुधा क्रिएटिनिन पुन्हा करायला आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासायला सांगतील. मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकल्याचे दिसावे लागते, म्हणून या दुसऱ्या नमुन्याची तारीखही त्याच कागदावर लिहून ठेवावी.