आठ की शून्य? BrF₅ च्या एका प्रश्नामागची १७ वर्षं

फोंड्यात अकरावीच्या मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेताना २०१० च्या आयआयटी-जेईईतल्या एका प्रश्नापाशी मी दरवर्षी थांबतो. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटतात यावरून रेणूचा आकार सांगणाऱ्या VSEPR सिद्धांतानुसार BrF₅ मध्ये ९० अंशांचे F–Br–F कोन किती, असा तो प्रश्न आहे. बहुतेक जण झटकन आठ म्हणतात. हे आठ उत्तर कुठून येतं आणि ते का टिकत नाही, हे समजायला १९४० आणि १९५७ ही दोन वर्षं पाहावी लागतात.

आधी जोड्या मोजू. ब्रोमीनच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. पाच फ्लोरीनशी बंध करताना त्यातले पाच लागतात आणि दोन उरतात. म्हणजे बंधाच्या पाच जोड्या आणि एक लोन पेअर, एकूण सहा. सहा जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर गेल्या की अष्टफलक होतो. त्याच्या एका टोकाला लोन पेअर बसते आणि उरलेले पाच फ्लोरीन चौरस तळाचा पिरॅमिड करतात. वरचा फ्लोरीन आणि तळातले चार यांच्यात चार कोन, तळातल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आणखी चार. झाले आठ.

हा हिशेब मुळात १९४० चा आहे. ऑक्सफर्डचे सिजविक आणि पॉवेल यांनी तोवर माहीत झालेले रेणूंचे आकार एकत्र मांडले आणि मध्यवर्ती अणूभोवती एकूण किती जोड्या आहेत यावरून आकार ठरतो असं दाखवलं. जपानमध्ये सुचिदा यांनी १९३९ मध्येच अशी कल्पना मांडली होती. सिजविक-पॉवेल यांच्या मोजणीत मात्र लोन पेअर आणि बंधाची जोडी यांचं वजन सारखंच होतं. रेणूचा सांगाडा त्यातून बरोबर येतो, पण कोनांतले लहान फरक येत नाहीत. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांतही चार जोड्या असतात, तरी कोन अनुक्रमे १०९.५, सुमारे १०७ आणि १०४.५ अंश भरतात.

या घसरणीचा अर्थ लावला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गिलेस्पी आणि नायहोम यांनी, १९५७ च्या त्यांच्या लेखात. बंधाची जोडी दोन केंद्रकांच्या ओढीत असते, म्हणून ती लांबट आणि आवळलेली राहते. लोन पेअर एकाच केंद्रकाची, त्यामुळे अणूजवळ ती पसरते आणि शेजारणींना दाबते. मुलं याला नुसतं ऋण प्रभारांचं प्रतिकर्षण समजतात. खरं कारण पाउलीच्या नियमात आहे: सारख्या फिरकीचे इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत. VSEPR हे नाव पुढे १९६३ मध्ये गिलेस्पी यांनी दिलं.

आता BrF₅ कडे परत. मी एका बटाट्यात नारळाच्या झावळीचे पाच हीर खोचून देतो आणि लोन पेअरच्या जागी खाली मातीचा गोळा लावायला सांगतो. गोळ्याला जागा करून द्यायची तर तळातले चार हीर किंचित वर उचलावे लागतात, छत्री उलटी व्हायला लागावी तसे. ते वरच्या हिराकडे झुकतात. प्रयोगात मोजलेला हा कोन सुमारे ८४.८ अंश आहे. चार कोन इथेच गेले.

उरलेल्या चारांवर मुलं अडून बसतात. तळाचा चौरस तर चौरसच राहिला, मग तिथे ९० का नाही? चौरसाचा कोपरा ९० अंशांचाच आहे, पण आपल्याला मोजायचा आहे ब्रोमीनपाशी होणारा कोन, आणि ब्रोमीन आता त्या चौरसाच्या पातळीत नाही, थोडा खाली राहिला आहे. शेजारच्या दोन बंधांमधल्या कोनाचा कोसाइन म्हणजे ८४.८ अंशांच्या कोसाइनचा वर्ग, साधारण ०.००८. कोन येतो सुमारे ८९.५ अंश. फरक अर्ध्या अंशाचाच, पण ९० नव्हे. म्हणून उत्तर शून्य.

यातला ८४.८ हा आकडा सिद्धांत देत नाही, हे मी मुद्दाम वहीत लिहून घ्यायला लावतो. सिद्धांत एवढंच सांगतो की कोन ९० पेक्षा कमी होईल. जुन्या प्रश्नपत्रिकांत H₂O आणि H₂S ची तुलना येते, तिथेही हेच. गंधक ऑक्सिजनपेक्षा कमी विद्युतऋण, म्हणून बंधाच्या जोड्या त्याच्यापासून दूर सरकतात आणि लोन पेअर त्यांना जास्त दाबू शकतात. कोन घटणार हे त्यावरून सांगता येतं. तो थेट ९२ अंशांपर्यंत उतरतो, हे मात्र मोजल्याशिवाय कळलं नसतं.